चाकणची स्लिप, दुबईचा पगार

‘इथे हातात त्रेचाळीस हजार पडतात. दुबईची ऑफर साडेचार हजार दिरहमची आहे, म्हणजे एक लाख आठ हजार. अडीचपट झालेच ना?’

आखातात निघालेला जवळपास प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो, आणि त्याचा गुणाकार चुकलेला नसतो. चुकते ते एवढेच की, तो दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करतो. इथला आकडा सगळी कपात होऊन हातात आलेला असतो आणि तिथला आकडा कागदावरचा एकूण पगार असतो. शिवाय इथल्या स्लिपवर काही रकमा अशा असतात की त्या आज दिसत नाहीत, पण पुढे मिळतात. तिथे त्यातल्या काही मिळतच नाहीत, तर काही त्याच नावाने पण वेगळ्या हिशेबाने मिळतात.

म्हणून पगाराचे भाषांतर बेरजेचे करू नये, ओळीचे करावे. या प्रकरणात आपण एकच उदाहरण घेऊ. चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षे आठ महिने काम केलेला एक मेंटेनन्स फिटर संयुक्त अरब अमिरातीत, दुबईच्या एका कंपनीत निघाला आहे. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एक दिरहम म्हणजे २४ रुपये धरू. प्रत्यक्ष दर रोज थोडा हलतो, पण त्याने पद्धत बदलत नाही.

१. इथली स्लिप

फिटरच्या स्लिपवर डावीकडे मिळकत आहे: बेसिक २४,००० (महागाई भत्ता त्यातच), घरभाडे भत्ता ९,६००, वाहतूक भत्ता २,४००, विशेष भत्ता १०,०००. एकूण ४६,०००. उजवीकडे कपात आहे: पीएफ २,८८० आणि व्यवसाय कर २००. हातात येतात ४२,९२०.

पण नेमणूकपत्रावरचा सीटीसीचा आकडा महिन्याला ५०,०३४ आहे. हे वरचे चार हजार कुठून आले? कंपनी स्वतःच्या खिशातून पीएफमध्ये आणखी २,८८० भरते आणि ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,१५४ रुपये बाजूला धरते. हे दोन्ही आकडे बहुतेक स्लिपवर छापलेले नसतात, म्हणून परदेशी जाताना नेमके तेच विसरले जातात.

घरी येणाऱ्या दुधातले काही चहाला लगेच संपते आणि काही विरजण लावून तुपासाठी बाजूला पडते. पगाराच्या ओळीही अशाच वाटून पाहाव्यात. भत्ते आणि बेसिकचा मोठा भाग लगेच वापरायचा, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी पुढच्यासाठी. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारावेत: हे पैसे कोण भरतो, ते हातात कधी येतात आणि ते कोणत्या आकड्यावर मोजले जातात? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘बेसिकवर’ असे येते.

२. पीएफ: जी ओळ तिकडे जात नाही

भविष्य निर्वाह निधीत कामगार बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के भरतो आणि मालकही तेवढेच भरतो. मात्र मालकाचा पूर्ण वाटा पीएफ खात्यात जात नाही. त्यातला ८.३३ टक्क्यांचा भाग पेन्शन योजनेकडे वळतो, पण तो जास्तीत जास्त १५,००० रुपयांच्या पगारावर मोजतात, म्हणजे महिन्याला १,२५०. आपला फिटर रुजू झाला तेव्हा त्याचे बेसिक १५,००० च्या आत होते, म्हणून तो पेन्शन योजनेचा सभासद आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर जे पहिल्यांदाच पीएफमध्ये आले आणि ज्यांचा पगार तेव्हाच १५,००० च्या वर होता, त्यांना ही पेन्शन लागू होत नाही.

तर फिटरच्या पासबुकात दर महिन्याला त्याचे २,८८०, मालकाचे १,६३० आणि वेगळ्या रकान्यात पेन्शनचे १,२५० दिसतात. एकूण ५,७६० रुपये. काही कंपन्या आपला वाटा फक्त १५,००० वर, म्हणजे १,८०० रुपयेच भरतात, म्हणून हा हिशेब आपल्या पासबुकावरूनच करावा.

अमिरातीत परदेशी कामगारासाठी अशी सक्तीची योजना नाही. दुबईच्या डीआयएफसी या वित्तीय क्षेत्रात वेगळी व्यवस्था आहे आणि इतरत्र मालकाने स्वेच्छेने निवडायची बचत योजना आली आहे, पण साध्या कंपनीत पीएफची ओळ कोरीच असते. म्हणून साडेचार हजारांची तुलना करण्याआधी त्यातून ५,७६० रुपये, म्हणजे २४० दिरहम, स्वतःच बाजूला काढायचे आहेत असे धरावे. हे २४० दिरहम खर्चात जमा झाले, तर पगार वाढूनही म्हातारपणची शिदोरी घटलेली असते.

इथल्या जमलेल्या पीएफचे काय करायचे? तो तिकडच्या कोणत्याही खात्यात वळवता येत नाही. परदेशात नोकरीसाठी जाणाऱ्याला तो पूर्ण काढून घेण्याची मुभा पीएफच्या नियमांत आहे. पाच वर्षांपेक्षा कमी सलग सेवा असेल, तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. आपल्या फिटरची सेवा त्याहून जास्त आहे, त्यामुळे ती अडचण नाही. तरी गरज नसेल तर पैसे काढू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज होते आणि नोकरी सुटली म्हणून व्याज लगेच थांबत नाही. मात्र नोकरी सुटल्यानंतर जमा होणारे व्याज करपात्र धरले जाते, हे लक्षात ठेवावे.

पेन्शनचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. फिटरची आठ धरली जातील. तो हे पैसे काढून घेऊ शकतो किंवा योजना प्रमाणपत्र घेऊ शकतो. प्रमाणपत्र घेतले, तर तीन-चार वर्षांनी परत येऊन पुन्हा पीएफच्या नोकरीत लागल्यावर ही आठ वर्षे पुढच्या सेवेत मिळवली जातात आणि दहा वर्षांचा उंबरठा सहज ओलांडता येतो. पैसे काढले तर ती आठ वर्षे संपली. आखातातून बहुतेक जण परततातच, म्हणून प्रमाणपत्राचा पर्याय निदान विचारून तरी पाहावा.

गोष्ट बिघडते ती बहुधा अगदी साध्या जागी. पीएफचा ऑनलाइन दावा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय पुढे सरकत नाही. माणूस दुबईला गेला, इथले सिम बंद पडले आणि खाते अडकले, असे सर्रास घडते. त्यामुळे इथला नंबर रिचार्ज करून चालू ठेवावा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर नोंदवली आहे का, हे विमानात बसण्याआधीच पाहावे. परदेशी गेल्यावर बचत खाते एनआरओ करावे लागते. त्यात खाते क्रमांक बदलला, तर पीएफकडची बँकेची नोंदही बदलावी लागते.

३. ग्रॅच्युइटी: नाव तेच, हिशेब दुसरा

ही ओळ दोन्हीकडे आहे, म्हणून ती सारखीच आहे असे वाटते. पण हिशेब वेगळा आहे.

भारतात दर वर्षाच्या सेवेला १५ दिवसांचा पगार मिळतो आणि एका दिवसाचा पगार काढताना महिन्याचे बेसिक २६ ने भागतात, कारण महिन्यात कामाचे दिवस २६ धरलेले आहेत. फिटरचे बेसिक २४,०००, म्हणून एका वर्षाचे १३,८४६ रुपये. सात वर्षे आठ महिन्यांतले वरचे आठ महिने सहाहून जास्त आहेत, म्हणून आठ वर्षे धरतात. एकूण १,१०,७६९ रुपये. रक्कम शेवटच्या पगारावर मोजली जाते, म्हणून सात वर्षांपूर्वीच्या कमी बेसिकचा काही संबंध राहत नाही. कंपनीने ती तीस दिवसांत द्यायची असते. खासगी नोकरीतली २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे. कायमस्वरूपी कामगाराला मात्र पाच वर्षे सलग सेवा लागते. साडेचार वर्षांवर असलेल्याने ऑफर पाहून घाईने राजीनामा दिला, तर हा सगळा पैसा जातो. अशा वेळी नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख थोडी पुढे मागून घ्यावी, एवढे सांगण्यात संकोच नसावा.

अमिरातीत २०२१ चा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार एक वर्ष पूर्ण केलेल्या परदेशी कामगाराला पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे बेसिक मिळते. दिवसाचा पगार काढताना बेसिक ३० ने भागतात. एकूण रकमेला दोन वर्षांच्या पगाराची कमाल मर्यादा आहे. पहिले वर्ष भरल्यावर पुढचे महिने पूर्ण वर्ष न धरता त्या प्रमाणात मोजतात, आणि बिनपगारी गैरहजेरीचे दिवस सेवेत धरत नाहीत.

दोन्ही सूत्रे एका मापात आणली, तर गोष्ट सोपी होते. भारतात एका वर्षाची ग्रॅच्युइटी म्हणजे महिन्याच्या बेसिकच्या सुमारे ५८ टक्के. अमिरातीत पहिली पाच वर्षे ७० टक्के आणि त्यानंतर १०० टक्के. म्हणजे तिथला दर चांगला आहे, पण तो कशावर लागतो तेच महत्त्वाचे.

जुन्या लोकांकडून ऐकलेली एक गोष्ट इथे खोडून काढायला हवी. १९८० च्या कायद्यात कामगाराने स्वतः राजीनामा दिला, तर ग्रॅच्युइटी कापली जायची किंवा कधी पूर्णच बुडायची. त्यामुळे ‘तिथे स्वतःहून सोडू नको’ असा सल्ला अजूनही गावोगावी दिला जातो. नव्या कायद्यात राजीनाम्यासाठी वेगळी कपात ठेवलेली नाही. नोटिशीचा काळ मात्र पाळावा लागतो.

४. बेसिक किती, हा खरा सौदा

फिटरच्या ऑफरमध्ये ४,५०० दिरहमची फोड अशी आहे: बेसिक २,०००, घरभाडे १,२००, वाहतूक ५००, इतर भत्ते ८००.

या बेसिकवर एका वर्षाची ग्रॅच्युइटी १,४०० दिरहम होते आणि पाच वर्षांची ७,०००. हाच एकूण पगार ठेवून बेसिक ३,००० केले असते, तर पाच वर्षांत १०,५०० दिरहम झाले असते. महिन्याला हातात येणारी रक्कम तीच, पण शेवटी साडेतीन हजार दिरहमांचा, म्हणजे आपल्या गृहीत दराने ८४,००० रुपयांचा फरक.

आणि बेसिकवर फक्त ग्रॅच्युइटीच मोजली जात नाही. फिटरच्या कामात ओव्हरटाइम असतोच. अमिरातीत जादा तासाचा दर तासाच्या बेसिकमध्ये किमान २५ टक्के मिळवून काढतात, रात्री दहा ते पहाटे चार असेल तर ५० टक्के मिळवून. बेसिक २,००० असेल, तर आठ तासांच्या दिवसाने एका तासाचे ८.३३ दिरहम होतात आणि जादा तासाचे साधारण १०.४०. बेसिक ३,००० असेल, तर जादा तासाचे १५.६०. चाकणमध्ये जादा तासाला दुप्पट दर घेण्याची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्या महिन्यातच जाणवते. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच मिळतात.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने या बाबतीत थोडा आधार दिला आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे बेसिक अगदी लहान ठेवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची युक्ती इथे फारशी चालणार नाही. अमिरातीच्या कायद्यात असा निम्म्याचा नियम नाही. तिथे बेसिक किती असावे, हे करारात ठरते आणि करार सहीआधीच बदलता येतो. म्हणून मागणी करायची झाली, तर ‘पगार वाढवा’ याऐवजी ‘एकूण पगार तोच ठेवा, पण बेसिक वाढवा’ ही मागणी करून पाहावी. कंपनीला ती दरमहा खर्चाची वाटत नाही, त्यामुळे कधीकधी मान्यही होते.

५. भत्त्यांची नावे फसवी असतात

इथला घरभाडे भत्ता बराचसा आयकराच्या सोयीसाठी घातलेला असतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही तो मिळतो आणि जुन्या करपद्धतीत भाडे भरणाऱ्याला त्यावर सूट मिळते. अमिरातीत पगारावर आयकर नाही, त्यामुळे तिथला घरभाडे भत्ता खरोखर डोक्यावरच्या छपरासाठी असतो. कंपनी स्वतः राहायला जागा देणार असेल, तर हा भत्ता बहुधा पैशाच्या रूपात मिळत नाही. ऑफरमधले १,२०० रोख आहेत की जागेची किंमत म्हणून लिहिलेले आहेत, हे एका ओळीत लेखी विचारावे. जागेची किंमत असेल, तर खरा पगार ३,३०० दिरहम आहे.

वाहतूक भत्त्याचेही तसेच. कंपनीची बस असेल, तर ते ५०० पूर्ण हातात येतील का, की कापले जातील? ‘इतर भत्ते’ या ओळीत काय काय आहे आणि ते कोणत्या अटीवर बंद होतात, हेही विचारावे. हजेरीशी किंवा उत्पादनाशी बांधलेला भत्ता पहिल्याच रजेत गळतो.

व्यवसाय कराची ओळ तिथे नाही. तो महाराष्ट्र सरकारला जातो आणि राज्यातली नोकरी संपली की विषय संपला. व्हिसा आणि भरतीचा खर्च मात्र कामगाराकडून वसूल करायला तिथल्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे स्लिपवर ‘व्हिसा’ नावाची कपात दिसली, तर ती मुकाट्याने सोसू नये.

६. दोन्ही बाजू समोरासमोर

आता फिटरचा मूळ प्रश्न पुन्हा मांडू. घरभाडे भत्ता रोख आहे आणि तो एकटाच जाणार आहे असे धरू. खोलीतली एक जागा, जेवण, प्रवास आणि फोन मिळून महिन्याला २,००० दिरहम लागतील असे त्याच्या ओळखीच्या माणसाने सांगितले आहे. साडेचार हजारांतून दोन हजार गेले, उरले २,५००. त्यातून पीएफच्या जागी २४० बाजूला ठेवले, उरले २,२६०. रुपयांत ५४,२४०. हे घरी पाठवता येतील.

इथे त्याच्या हातात ४२,९२० येतात आणि त्यातले सुमारे ६,००० त्याच्या एकट्याच्या खाण्याजेवणावर व येण्याजाण्यावर जातात. घरासाठी उरतात ३६,९२०. म्हणजे खरा फरक महिन्याला १७,३२० रुपयांचा आहे. सुरुवातीच्या गुणाकारात तो पासष्ट हजारांचा दिसत होता.

ग्रॅच्युइटीची तुलना वेगळी करावी, कारण ती महिन्याला हातात येत नाही. इथे वर्षाला १३,८४६ रुपये जमत होते. तिथे बेसिक २,००० असतानाही १,४०० दिरहम, म्हणजे ३३,६०० रुपये जमतील. या एका ओळीत तो नक्की फायद्यात आहे. पण ते पैसे कुठल्या खात्यात साठत नाहीत, तर नोकरी संपताना कंपनी देते. म्हणून कंपनीची आर्थिक स्थिती बरी आहे का, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा ठरतो. पीएफमध्ये तसे नव्हते. त्यात पैसा दर महिन्याला कंपनीच्या हातून निघून गेलेला असतो.

सतरा हजार लहान रक्कम नाही. त्यासाठी जाणारा माणूस चुकीचा निर्णय घेतो आहे असेही नाही. पण पासष्ट हजारांचा फरक धरून गावाकडे घराचे कर्ज काढणे आणि सतरा हजार धरून काढणे यांत कुटुंबाची पुढची दहा वर्षे बदलतात.

जर्मनीला निघालेल्याला हीच पद्धत उलट बाजूने वापरावी लागते. तिथे ग्रॅच्युइटी नावाची ओळच नाही; एकूण पगारातून आयकर, पेन्शन, आरोग्य विमा आणि बेकारी विमा आधीच कापला जातो. मात्र भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. इथल्याच कंपनीने ठराविक काळासाठी तिकडे पाठवले असेल, तर पीएफकडून प्रमाणपत्र घेऊन तिथल्या पेन्शनची कपात टाळता येते. अमिरातीशी भारताचा असा करार नाही.

७. तिथल्या कंपनीला लिहून देताना

नव्या कंपनीचा माणूस ‘सध्याचा पगार किती?’ असे विचारतो, तेव्हा ४२,९२०, ४६,००० आणि ५०,०३४ हे तिन्ही आकडे खरे असतात. फक्त हातात येणारा सांगितला, तर कमी किमतीला तयार असल्यासारखे होते. म्हणून छोटे पत्रक करून द्यावे. त्यात एकूण पगार आणि कंपनीचा पीएफ वेगळा दाखवावा, पीएफ ही मालकानेही तेवढीच भर घातलेली निवृत्तीची बचत आहे असे एका वाक्यात सांगावे, आणि ग्रॅच्युइटीपुढे ‘नोकरी सोडताना मिळणारी, सेवेच्या वर्षांवर ठरणारी रक्कम’ असे लिहावे. विशेष भत्त्यापुढे ‘दरमहा ठरलेला, कोणतीही अट नाही’ असे लिहिले, तर तो बोनस समजला जात नाही.

उलट बाजूने, सही करण्याआधी एकच ताळा आवर्जून करावा. एजंटने दिलेल्या पत्रावरचे बेसिक आणि तिथल्या कामगार मंत्रालयाच्या अधिकृत ऑफर लेटरवरचे बेसिक सारखे आहे का? हे ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळते. मराठीत ते नसते, पण हिंदी वाचता येणाऱ्याला आकडे पाहायला अडचण नाही. मंत्रालयाकडे नोंदवलेला आकडाच पुढे धरला जातो. एजंटच्या पत्रावर ३,००० आणि नोंदवलेल्या करारावर १,५०० असेल, तर ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम आणि रजेचे पैसे १,५०० वरच मोजले जातील, आणि नोकरी संपल्यावर चौदा दिवसांत मिळणारा शेवटचा हिशेबही त्याच आकड्यावर होईल.